रात्रीची टिप
«शिफ्टला एकटाच, टिप आलीय, कुणी कन्फर्म करेना, छापू की थांबू?»

गोष्टच सांगतो. रत्नागिरी, ऑक्टोबरातलं वादळ, पेपरची पानं सोडायला वीस मिनिटं आणि आमच्या डेस्कवरच्या पोराच्या व्हॉट्सॲपवर फोटो, 'जयगडला बोट बुडाली, आठ खलाशी बेपत्ता'. त्याने झूम केलं तर नंबर IND-GJ ने सुरू, म्हणजे गुजरातची बोट, त्याला वाटलं फेक, पण वादळात गुजरातच्या बोटीपण जयगड खाडीत आसऱ्याला येतात ना, मग नुसत्या नंबरावरून खोटं कसं म्हणणार? कोस्ट गार्डच्या 1554 ला लावला, त्यांच्याकडे कॉल नाही, पण वायरलेसच बंद पडला असेल तर कॉल येणार कुठून. मग पाठवणाऱ्याला फोन. "तू सोत्ता बघितलंस काय रे?" "नाय, ग्रुपवर आलं." आठ हा आकडा कुणी मोजला तेही त्याला माहीत नाही. तिथेच पोरगा थांबला. आठ घरांत सकाळी हा पेपर जाणार, हेच त्याच्या डोक्यात, आणि मला ते फार पटतं. त्याने वादळाची, बोटी आसऱ्याला आल्याची तेवढी बातमी सोडली, ती बंदरातल्या दोघांनी डोळ्यांनी बघून सांगितलेली. पहाटे बाईक काढून जयगडला गेला. फोटोतली बोट जेटीला कलून उभी, डोलकाठी मोडलेली, आणि खलाशी डेकवर चाय पीत बसलेले. त्याने मोजले, सात. आठवा खाली इंजिनाशी होता.