मदत हवी आहे: आठ तासांचा ट्रेनचा प्रवास, डब्यात काय न्यावं?

स्वरा_कोल्हापूर
शनिवारी ट्रेनने जायचंय, आठ तास लागतात. फ्रिज नाही, बर्फाचा डबाही नाही. न खराब होणारं काय न्यावं? मसालेभात किंवा लिंबूभात करायचा विचार आहे, सगळ्यांना आवडतो आणि एकच भांडं लागतं. लवकर सांगा, उद्या सामान आणायचंय.

पन्हाळकर
कुठं निघालाय? किती जण? दिवसाची गाडी का रातची? एवढं तरी सांगा की ओ.

रानमेवा
तिकिटावरच्या पीएनआर नंबरवर जेवण मागवता येतं, सीटवर आणून देतात. डबा कशाला वाहायचा?

स्वरा_कोल्हापूर
मागवायचं असतं तर धागा काढला असता का? कोयनेने पुण्याला जातोय. आम्ही दोघं, सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा.

गाडीवान_७
कोयना कशाला? बसनं पाच तासांत पुण्यात. हायवेचं काम चालू असेल तर थोडा जास्त वेळ धरा, पण तरी ट्रेनच्या आधी पोचाल.

स्वरा_कोल्हापूर
मुलाला बसमध्ये उलट्या होतात. म्हणूनच ट्रेन. कृपया जेवणाबद्दल बोला.

पन्हाळकर
हे आधी सांगायचं न्हवं! मग तेलकट आणि तिखट दोन्ही त्याच्यासाठी बाजूला ठेवा. बाकीच्यांना भात न्या की, कायबी होत नाही. तेल जरा सढळ घाला, तेलात जिन्नस टिकतो. आमच्याकडं कांदा-लसूण चटणी वर्षभर टिकती ती तेलावरच.

डबेवाल्या_काकू
स्वराताई, मी सहलीच्या गटांना डबे करून देते, म्हणून विचारते. भात रात्री करणार आहात का सकाळी? आणि जेवणार कुठं?

स्वरा_कोल्हापूर
रात्रीच करून ठेवणार. सकाळी आठला गाडी, सासूबाईंची पूजा, मुलाचं आवरणं, पहाटे स्वयंपाक कोण करणार? साधारण एकला जेवू. आठ तासांचाच तर प्रवास आहे.

डबेवाल्या_काकू
इथेच हिशेब चुकतोय. प्रवास आठ तासांचा असेल, पण अन्नाचं वय गाडीच्या वेळेपासून मोजायचं नसतं, गॅस बंद केल्यापासून मोजायचं. रात्री नऊला केलेला भात दुपारी एकला खाल्ला तर तो सोळा तासांचा झाला. तोही उन्हाळ्यातल्या डब्यात.

आणि भात सगळ्यात नाजूक. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होऊ शकतात. मग मुलाला गाडी लागली म्हणून तुम्ही ओव्याची डबी शोधाल आणि कारण भातात असेल.

पन्हाळकर
काकू, भात आंबला तर वास येतो की! वास नाही म्हणजे चांगला. आमची आजी नाकावरनंच सांगायची.

डबेवाल्या_काकू
आंबूस वास, तार सुटणं, चिकट होणं ही लक्षणं दिसली तर टाकायचाच, तिथं आजींचं बरोबर. पण ती नाहीत म्हणून भात चांगला असं धरता येत नाही. या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही.

आणि तुमची चटणी टिकते ती कोरडी असते म्हणून. मिरची वाळवलेली, खोबरं सुकं, लसूण तळून घेतलेला, मीठ भरपूर. भातात पाणी मुरलेलं असतं, त्यावर कितीही तेल ओता, ते पाणी जात नाही.

नेहा_मिरज
मग हॉटकेसमध्ये कडक गरम भरला तर?

डबेवाल्या_काकू
दोन-तीन तासांनी तो नुसता कोमट राहतो आणि मग बराच वेळ कोमटच राहतो. जिवाणूंना तेच हवं असतं. घरून निघताना भरून कराडच्या आधी खाणार असाल तर ठीक, पण एक वाजेपर्यंत नको.

शाहूपुरी_शेफ
उकडलेली अंडी न्या हो. कवचासकट. मी नेहमी नेतो, काही होत नाही.

डबेवाल्या_काकू
मी गटाच्या डब्यात देत नाही. उकडल्यावर दोन तासांत खाल्लं तर हरकत नाही, त्यापुढं उन्हाळ्यात जबाबदारी घेत नाही.

शाहूपुरी_शेफ
कवच असेपर्यंत आत काय जाणार? हे सगळं पुस्तकी आहे.

डबेवाल्या_काकू
कवचाला बारीक छिद्रं असतात, आणि उकडताना वरचं संरक्षक आवरण जातं. पण तुमचं पोट, तुमचा निर्णय.

स्वरा_कोल्हापूर
अंडं आमच्याकडे चालत नाही, भांडू नका. भात नको तर मग काय? आणि सासूबाईंना कडक काही चावत नाही. थालीपीठ केलं की दुपारपर्यंत चामड होतं.

डबेवाल्या_काकू
सासूबाईंसाठी दशम्या करा. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, चमचाभर तेल घालायचं. दुपारपर्यंत मऊ राहतात. या रात्री करून ठेवल्या तरी चालतील, फक्त दोन्ही बाजूंनी नीट भाजा, मध्ये कच्चं राहता कामा नये.

नेहा_मिरज
दूध असलं की लवकर नासतं ना? माझ्या आईच्या मते दशमी त्याच दिवशी संपवायची.

डबेवाल्या_काकू
दूध पिठात मुरून तव्यावर भाजलं जातं. मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बिनधास्त देते, त्याच्यापुढं मीही ठेवत नाही. आईंचं म्हणणं सावधपणाचं आहे.

खरी चूक भरताना होते. गरम पोळ्या डब्यात रचून झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं, खालच्या दोन पोळ्या ओल्या होतात आणि त्याच आधी बिघडतात. सुती कापडावर पसरून पूर्ण गार करा, मग कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते.

भाजी म्हणाल तर बटाट्याच्या काचऱ्या. पाण्याचा थेंब नाही, कांदा नाही, ओलं खोबरं नाही, तेलावर परतून कडा लाल होऊ द्यायच्या. हे मात्र पहाटे करा, बटाटे रात्री चिरून पाण्यात घालून ठेवले की वीस मिनिटांत होतं. सकाळी टोपात उघडं गार होऊ द्या, शेवटी डब्यात भरा. साडेसहाला झालेली भाजी एकपर्यंत साडेसहा तासांची होते, म्हणून मी तर साताऱ्याच्या आधीच जेवायला सांगेन. भाजी आधी संपवा, शेंगदाण्याची चटणी आणि दशमी मागं उरली तरी चालते.

स्वरा_कोल्हापूर
म्हणजे बारालाच जेवायचं? बघते. मुलाला काय? तो दशमी खाईल, चटणी नाही.

नेहा_मिरज
राजगिऱ्याचे लाडू, साधे कुरमुरे, केळी. केळी वरती ठेवा, चेपली की सगळ्या पिशवीला वास येतो. आणि एकदम पोटभर देऊ नका, थोडं थोडं द्या.

पन्हाळकर
दहीभात राहिला! दुधात कालवून चमचाभर विरजण घातलं की गाडीतच दही लागतं. आता हा तरी चालतो का न्हाई काकू?

डबेवाल्या_काकू
आंबटपणामुळं साध्या भातापेक्षा बरा. पण दही लागेपर्यंतचे तास तसेच उरतात, आणि शिळ्या भाताचा केला तर उपयोग नाही. पहाटे ताज्या भाताचा करून आंबट दह्यातच कालवला तर मी खाईन. लहान मुलाला देईन का, याबद्दल माझंच मन तयार नाही.

स्वरा_कोल्हापूर
मसालेभात रद्द. नवऱ्याला काचऱ्या सांगितल्या तर तोंड वाकडं झालं, म्हणे जयसिंगपूरला भडंग घेतो.

पन्हाळकर
नाद खुळा! त्यो एकटाच शहाणा निघाला. पण गाडी लई वेळ थांबत नाही तिथं, भडंग आदल्या दिवशीच आणून ठेवा.

गाडीवान_७
बसमध्ये पुढच्या सीटवर बसवलं तर उलटीचा त्रास कमी होतो, हे कुणी सांगितलंच नाही.