जिनिंगच्या खरेदी विभागापुरते बॅलन्स्ड स्कोरकार्ड: योग्य की अनाठायी?

खरेदी विभागप्रमुख, वणी तालुका

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या जिनिंगमध्ये यंदा केवळ कापूस खरेदी विभागाला बॅलन्स्ड स्कोरकार्ड लावायचे ठरले आहे. वित्त, ग्राहक, प्रक्रिया आणि शिक्षण या चार रकान्यांत मिळून सव्वीस मापे झाली आहेत. एका विभागासाठी हे योग्य आहे का?

लेखापाल, पांढरकवडा

माझा विरोध आहे. कॅप्लन आणि नॉर्टन यांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली ती संपूर्ण कंपनीचा कारभार डोळ्यांपुढे ठेवून. खरेदी विभागाने एकच आकडा पाहावा, तो म्हणजे एक किलो रुई आपल्याला कितीला पडली. तो बिघडला तर बाकीचे तीन रकाने कितीही चांगले दिसले तरी हंगामाअखेर तोटाच हाती येणार.

सेवानिवृत्त जिनिंग व्यवस्थापक, हिंगणघाट

लेखापाल साहेबांनी सांगितलेला आकडा वित्ताच्या रकान्यात हवाच, मात्र त्यातून बाजारभावाची चढउतार वेगळी काढावी लागेल, कारण भाव खरेदी विभागाच्या हातात नसतो आणि जे हातात नाही त्याचे गुण त्या विभागाला देणे अन्यायाचे आहे. दुसरी अडचण अशी की हा आकडा फार उशिरा येतो. पन्नास गाड्यांचा कापूस एका गंजीत पडतो, ती गंजी कित्येक दिवसांनी जिनवर चढते आणि रुईचा उतारा कमी निघाला तर ओली गाडी कोणाची होती हे तोवर कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून उलट्या दिशेने पाहावे. समजा, गाडीतील कापसात १४ टक्के ओलावा आहे आणि ग्रेडरने तो १२ टक्के धरला. एका क्विंटलमध्ये कोरडा माल ८६ किलो, म्हणजे ८ टक्के ओलाव्याच्या प्रमाण कापसाच्या हिशेबाने साडेत्र्याण्णव किलो. आपण मात्र ८८ किलो कोरडा माल समजून सुमारे ९५.७ किलोचे पैसे दिले. ७,००० रुपये भाव धरला तर ग्रेडरच्या एका चुकीने क्विंटलमागे सुमारे १५० रुपये गेले. या साखळीची पहिली कडी शिक्षणाच्या रकान्यात बसते: एकाच गाडीचे दोन ग्रेडरांनी स्वतंत्रपणे घेतलेले वाचन एका टक्क्याच्या आत जुळते का? पुढची कडी प्रक्रियेची: वरच्या थरावरच मीटर न लावता गाडी रिकामी होताना मधल्या आणि तळाच्या थरातही वाचन घेतले, अशा गाड्या शंभरात किती? या दोन्ही बाबी सुधारूनही महिनाभरात गंज्यांचा उतारा हलला नाही, तर आपली साखळीच चुकली आहे असे समजून कारण दुसरीकडे, कवडीत किंवा कचऱ्यात, शोधावे. सव्वीस मापांत असा कार्यकारण धागा दिसणारच नाही; पाच-सहा पुरेत.

पतसंस्था कर्मचारी, दारव्हा

आमच्याकडे वसुली विभागाला असेच गुण लावले आणि त्यावर प्रत्येकाचा बोनस ठरवला. गृहभेटींचे आकडे वाढले, थकबाकी होती तेवढीच राहिली, कारण भेटीची नोंद करणे सोपे आणि पैसे आणणे अवघड. आपणही ग्रेडरांचा बोनस यावरच ठरवणार असाल, तर कृपया फेरविचार करावा.

लेखापाल, पांढरकवडा

माझी भीती नेमकी हीच आहे. दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीचा कापूस ओलाच येतो. उताऱ्याचे गुण राखण्यासाठी ग्रेडर अशा गाड्या परत पाठवतील, शेतकरी खेडा खरेदीवाल्याला माल देऊन मोकळा होईल आणि जिन रिकामी राहील. तेव्हा चारपैकी कोणता रकाना खरा मानायचा?

सेवानिवृत्त जिनिंग व्यवस्थापक, हिंगणघाट

ही शंका रास्त आहे आणि ग्राहकाचा रकाना त्यासाठीच आहे. पहिल्या वेचणीचा माल देणारे शेतकरी दुसऱ्या वेचणीलाही आपल्याकडेच आले का, हे काटापट्टीवरील नावांवरून मोजता येते. परत पाठवलेली प्रत्येक गाडी वाचनासह नोंदवावी आणि चुकारा किती दिवसांत झाला तेही पाहावे, कारण उशिरा चुकारा मिळालेला शेतकरी ग्रेडरच्या चोख वाचनामुळे थांबत नाही. उतारा चढतो आहे आणि परत येणारे शेतकरी घटत आहेत, असे एकत्र दिसले तर ओला माल टाळून गुण मिळवले जात आहेत असे ओळखावे. मात्र जिन चालू ठेवायची की कोरडाच माल घ्यायचा, हे कोणतेही गुणपत्रक ठरवून देत नाही. तो निर्णय संचालकांनी हंगामापूर्वी लेखी द्यावा.

लेखापाल, पांढरकवडा

लेखी निर्णय मिळणार असेल तर मापांना माझी हरकत नाही. पण निर्णय न घेता सगळा भार ग्रेडरच्या माथी मारायचा, हेच बहुतेक ठिकाणी घडते.

खरेदी विभागप्रमुख, वणी तालुका

ग्रेडरांच्या वाचनातील फरक, तीन थरांची तपासणी, चुकाऱ्याचे दिवस, दुसऱ्या वेचणीला परत आलेले शेतकरी आणि भावाचा परिणाम वगळून रुईचा खर्च, एवढीच पाच मापे मंडळापुढे ठेवतो. परत पाठवलेल्या गाड्यांची वही वेगळी राहील. ओल्या मालाबाबत लेखी धोरणही मागणार आहे. बोनसबाबत मात्र मंडळात दोन तट आहेत आणि काही संचालक तो पहिल्याच हंगामापासून जोडण्यावर ठाम आहेत.