मदत हवी आहे: गोल टेबलाच्या पझलमध्ये पहिला क्लू कोणता घ्यायचा?

नवीपेठ_अभ्यासिका
नमस्कार मंडळी. आयबीपीएस पीओच्या प्रीलिम्सची तयारी करतोय, नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसतो. रीझनिंगला 20 मिनिटांत 35 प्रश्न असतात, आणि माझी सात-आठ मिनिटं एकाच पझलमध्ये जातात. कालच्या सराव पेपरातलं हे बघा. आठ जण गोल टेबलाभोवती, सगळ्यांची तोंडं मध्याकडे. अनिल, भारती, चेतन, दीपा, ईशा, फिरोज, गौरी, हेमंत.

1. अनिल भारतीच्या शेजारी नाही.
2. गौरी फिरोजच्या बरोब्बर समोर.
3. दीपा फिरोजच्या लगेच उजवीकडे.
4. चेतन भारतीच्या डावीकडे तिसरा.
5. ईशा चेतनच्या डावीकडे दुसरी.

मी फिरोजला 1 वर बसवला, गौरी 5 वर, दीपा 8 वर. मग भारतीसाठी 2, 3, 4, 6 करून पाहिलं, चारही वेळा कुणीतरी कुणाच्या मांडीवर बसतंय. पाचव्यांदा 7 वर जमलं. उत्तर आलं, पण कच्च्या कागदावर चार गोल खोडलेले. सुरुवात कुठून करायला हवी होती?

सांगलीकर_स्नेहल
ज्याचं नाव जास्त वेळा आलंय त्याच्यापासून सुरू करायचं, आमच्या क्लासमध्ये हेच सांगतात.

नवीपेठ_अभ्यासिका
ताई, मीही तेच केलं. पण इथे फिरोज दोनदा, भारती दोनदा, चेतनही दोनदा.

कोथरूड_काका
मी बँकेतून निवृत्त झालो, आता शेजारच्या मुलांची पझलं तपासतो. स्नेहलताईंचा नियम अर्धा बरोबर आहे. नाव किती वेळा आलं यापेक्षा, बसवल्यावर समोरासमोरच्या किती जोड्या मोडतात ते बघ. आठ खुर्च्यांच्या अशा चारच जोड्या: 1-5, 2-6, 3-7, 4-8.

4 आणि 5 हे क्लू चेतनमुळे एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणून ते एकदम घे. घड्याळाच्या दिशेने नंबर टाक. तोंड मध्याकडे असलं की डावा हात घड्याळाच्या दिशेने जातो. भारती 1, चेतन 4, ईशा 6. तिघं तीन वेगवेगळ्या जोड्यांत बसले. आता गौरी-फिरोजला दोन्ही टोकं रिकामी असलेली एकच जोडी उरली, 3-7. फिरोज 7 वर बसवला तर त्याच्या उजवीकडे 6 येतो, तिथे ईशा आहे. म्हणून फिरोज 3, गौरी 7, दीपा 2. उरले 5 आणि 8. 8 भारतीला लागून आहे, म्हणून अनिल 5 वर, हेमंत 8 वर. एकच गोल काढायचा आणि एकच शंका तपासायची.

तू फिरोजपासून निघालास तेव्हा फिरोज-गौरी दोघं एकाच जोडीत गेले, दीपा दुसरीत. दोन जोड्या अख्ख्या मोकळ्या राहिल्या, म्हणून भारतीला पाच जागा उरल्या.

घासून_पुसून
मी नेहमी 'नाही'वाला क्लू आधी घेतो, पर्याय लगेच कमी होतात.

कोथरूड_काका
इथे घेऊन बघ. भारती 1 वर असेल तर अनिलच्या फक्त 2 आणि 8 या जागा गेल्या, पाच अजून शिल्लक. तोच क्लू शेवटी घेतला तर दोन जागांतून एकच ठरते. 'नाही'वाला क्लू कागदाच्या कडेला लिहून ठेव आणि शेवटी वापर.

हडपसरची_मीना
माझ्या मुलाचं रांगेतल्या पझलमध्ये हमखास चुकतं. उत्तरेकडे तोंड असलेल्यांचं उजवं बरोबर येतं, दक्षिणेकडे असलेल्यांचं उलटं. गोलातही असंच होतं का?

कोथरूड_काका
मीनाताई, गोलात बाहेर तोंड असलं तर डावा-उजवा असाच उलटतो. मुलाला प्रत्येक नावाजवळ बाण काढायला सांगा, आणि बाण काढल्याशिवाय 'डावीकडे' हा शब्द वाचायचाच नाही.

नवीपेठ_अभ्यासिका
काका, आज सकाळी तुमच्या पद्धतीने तेच पझल पुन्हा केलं, तीन मिनिटांच्या आत झालं. उत्तर आधी माहीत होतं, म्हणून तो वेळ पूर्ण खरा मानत नाही. पण जिथे काहींची तोंडं आत, काहींची बाहेर, आणि कोण कुठे बघतंय हेच क्लूंमधून शोधायचं असतं, तिथे डावं-उजवंच ठरत नाही. मग जोडलेले क्लू आधी कसे घेणार?

कोथरूड_काका
तिथे मी उलट करतो. 'समोर' आणि 'मध्ये दोघं' या क्लूंना तोंडाची दिशा लागत नाही, ते आधी घेतो.

सांगलीकर_स्नेहल
मला ते पटत नाही काका. तशा पझलमध्ये मी भारतीसाठी आत आणि बाहेर असे दोन गोल शेजारी-शेजारी काढते, एक आपोआप मोडतो.

कोथरूड_काका
दिशेची शंका एकाचीच असेल तर चालेल. तिघांची असली की आठ गोल होतात.

नवीपेठ_अभ्यासिका
रात्री तसलं एक पझल इथे टाकतो, दोघांनीही सोडवून दाखवा.