शनिवारी रात्री पाहुणे जेवायला आहेत, पाककृती सुचवाल का?

रानजाई: येत्या शनिवारी काही पाहुणे जेवायला येणार आहेत. फार वेळ न लागणारा, पण पोटभर होईल असा एखादा मुख्य पदार्थ कृपया सुचवावा.

पायवाट: मलई घालून मशरूमची भाजी करा. अर्ध्या तासात होते आणि सर्वांना आवडते.

उंबरठा: जेवणारे किती, घरात काय आहे आणि कोणाला काय चालत नाही, हे कळल्याशिवाय सुचवलेली कृती बहुधा कामाची ठरणार नाही. चौघांची रस्साभाजी दहा जणांसाठी करताना सगळेच अडीचपट करून चालत नाही. पाणी किती आटते हे भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर अवलंबून असल्यामुळे, मोठ्या खोल भांड्यात त्याच प्रमाणात पाणी घातल्यास रस्सा पातळ राहतो.

रानजाई: आम्ही सगळे मिळून दहा जण असू. घरात काबुली चणे, टोमॅटो, बटाटे, कांदे आणि तांदूळ आहेत. एक पाहुणे दूध घेत नाहीत, एवढेच मला ठाऊक आहे.

पायवाट: मग मलईऐवजी तूप वापरा, तुपात दूध उरत नाही.

उंबरठा: दुधातील साखर पचत नसेल, तर तुपाने सहसा त्रास होत नाही, कारण ती तुपात जवळजवळ नसतेच. मात्र दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर तुपात राहिलेला दुधातील प्रथिनांचा अंशही त्रासदायक ठरू शकतो. कारण कळेपर्यंत सगळे तेलातच करावे.

तुमच्याकडील जिन्नस पाहता चण्यांचा रस्सा आणि भात हेच मला योग्य वाटते. अर्धा किलो कोरडे चणे शुक्रवारी रात्री भरपूर पाण्यात भिजवा. ते फुगून दुपटीहून जड होतात, म्हणून भांडे मोठे घ्या. शनिवारी चणे आधी पूर्ण मऊ शिजवून मगच टोमॅटो घाला. टोमॅटोच्या आंबटपणामुळे अर्धकच्चे चणे कितीही उकळले तरी लवकर मऊ होत नाहीत. दाणा दोन बोटांत सहज चिरडला, की शिजला असे समजावे. रस्स्याला दाटपणा हवा असल्यास उकडलेले दोन बटाटे कुस्करून घाला, म्हणजे मलईची उणीव भासणार नाही. तांदूळ पाऊण किलो पुरावेत, पण जेवणारे तरुण असतील तर थोडे अधिक घ्यावे लागतील.

शब्दवेल: आमच्याकडे दोघेच असतो आणि शिजवलेले चणे नेहमी उरतात. ते गोठवून ठेवता येतात का?

उंबरठा: हो, निथळून घेऊन छोट्या भागांत गोठवावेत. चण्यांत बटाट्याच्या फोडी असतील तर त्या मात्र आधी काढून घ्या, कारण गोठवल्यावर त्या पिठूळ होतात.

रानजाई: मनापासून आभार. दुधाचे नेमके कारण आज विचारून घेते. त्यांना आणखी काही चालत नसेल, तर तेही इथे कळवीन.