क्विकसिलेक्ट "सरासरी O(n)" म्हणे. सरासरी कशाची?

रंकाळाकाठ: k वा सगळ्यात मोठा आकडा काढायला लोक अख्खी लिस्ट सॉर्ट का करतात कळत नाही. क्विकसिलेक्ट O(n) आहे, विषय संपला. ते O(n²) फक्त पुस्तकात असतं, खऱ्या डेटावर कधी येत नाही.

शिवाजीपेठकर: "कधी येत नाही" वाचलं आणि हातातला चहा तसाच ठेवला भावा. मी एका दूध संस्थेचं सॉफ्टवेअर बघत होतो, 1 लाख एंट्र्या, त्यातली मधली फॅट पाहिजे, म्हणजे 50,000 वी मोठी. पिव्होट, म्हणजे ज्याच्याशी ताडून यादीचे लहान-मोठे दोन भाग करायचे तो आकडा, शेवटचाच घेतलेला. आणि आदल्या स्क्रीनवर कुणीतरी यादी चढत्या क्रमानं लावून पुढं पाठवलेली! आता बघ काय होतंय. शेवटचा आकडा सगळ्यात मोठा, म्हणजे एक लाख तुलना करून बाद काय झालं, तर एकच आकडा. पुढच्या राउंडला परत तेच. असं 50,000 वेळा, सरासरी 75,000 तुलना धर, 375 कोटी होतात. पंधरा मिनिटं झाली तरी पायथन गोल गोल फिरतंय आणि सचिव माझ्या डोक्यावर उभे.

रंकाळाकाठ: पिव्होट रॅंडम घ्यायचा की राव, एवढं तर पोरांना पण माहीत असतं. वर्स्ट केस खलास.

गावाकडचा_आयटी: मी sorted(a)[-k] लिहितो, डोळ्याचं पातं लवतंय तोवर उत्तर. कशाला पायजे हे? पुण्यात इंटरव्ह्यूला हेच विचारलं मला आणि तीन वर्षं नोकरीत एक्सेलच्या शीट जोडल्या.

शिवाजीपेठकर: इंटरव्ह्यूचं बोलूच नको, मला बोर्डावर खडूनं लिहायला लावलं होतं, 2 मार्क कापले अक्षर वाईट म्हणून.

गावाकडचा_आयटी: खडू तरी दिला. मला लाइव्ह कॉलवर, वर मागं लाइट गेलेली.

आकडेवाली_ताई: खडू-लाइट पुरे. रंकाळाकाठ, तू अर्धं बरोबर आहेस. यादी कशीही असू दे, रॅंडम पिव्होट साधारण दोनातल्या एका वेळी मधल्या अर्ध्या भागात पडतो आणि तेव्हा निदान पाव यादी तरी गळते. क्विकसॉर्टला दोन्ही बाजू धराव्या लागतात, इथं एकच, म्हणून कामाचा ढीग n, मग त्याहून कमी, मग अजून कमी असा आटत जातो, बेरीज n च्या काही पटीत राहते. 1 लाखात मधला काढायला साधारण 3.4 लाख तुलना. पण ही सरासरी नाणेफेकीची आहे, यादीची नाही. शेवटचा आकडा पिव्होट धरलास तर सरासरी "यादी विस्कटलेली असेल" या भरवशावरची, आणि डेअरीचा क्लार्क तो भरवसा देत नाही.

आणि खरी गंमत वेगळीच. सगळे आकडे सारखे असतील तर रॅंडम काय करणार?

```python
if a[j] <= p:
    a[i], a[j] = a[j], a[i]
    i += 1
```

या `<=` मुळं पिव्होटएवढे सगळे डावीकडं जातात, उजवीकडं रिकामं. परत एकेक सोलणं.

शिवाजीपेठकर: अगं ताई!! हेच झालं दुसऱ्या महिन्यात. मशीन बंद असलं की ऑपरेटर सगळ्यांना 6.0 ठोकतोय. 40,000 एंट्र्या 6.0 च्या, रॅंडम टाकूनही अडकलं, मी सर्व्हरला शिव्या घालत बसलो.

आकडेवाली_ताई: आणि तुझा मधला आकडा त्याच ढिगात असणार. ढिगाच्या मध्यावर असेल तर 20,000 राउंड, सरासरी 30,000, झाले 60 कोटी. म्हणून तीन भाग करायचे, लहान, सारखे, मोठे. k सारख्यांच्या ढिगात पडला की तिथंच थांबायचं. ओळखायचं असेल तर राउंड मोज. 1 लाखाला मधला काढायला वीस-बावीस लागतात, हजारात गेले की काहीतरी बिनसलंय.

रंकाळाकाठ: बरं बाई, सारखे आकडे लक्षात नव्हते. पण k 10 असता तर चढत्या यादीतही दहाच राउंड लागले असते, दहा लाख तुलना, सचिवांचा चहा पण संपला नसता. म्हणजे दोष पिव्होटचा जेवढा, तेवढा तुमच्या k चा.

शिवाजीपेठकर: k मी ठरवला होय? मीटिंगमध्ये मधली फॅटच पायजे म्हणाले!

आकडेवाली_ताई: k 10 ला मी हीप घेईन, पण तो वेगळा वाद. आणि हो, C++ चं nth_element पण g++ मध्ये राउंड फार झाले की हीपकडं वळतं. लिहिणाऱ्यांनाही माहीत होतं, पुस्तकातलं बाहेर येतं.

गावाकडचा_आयटी: sorted(a)[-k]. फॅट 6.0 च आली.