एन्हान्सरला जनुकापर्यंत पोचावंच लागतं का?

मेघदूत१९
पुस्तकातल्या चित्रात डीएनए वळून लूप होतो, एन्हान्सर म्हणजे जनुक चालू करणारा दूरचा डीएनएचा तुकडा प्रमोटरला, म्हणजे जनुकाच्या सुरुवातीच्या जागेला, टेकतो आणि जनुक चालू होतं. परवा एका व्याख्यानात ऐकलं की टेकण्याचा आणि चालू होण्याचा संबंध वाटतो तितका पक्का नाही. मग दहा लाख बेस, म्हणजे डीएनएची दहा लाख अक्षरं, दूर बसलेला तुकडा जनुकावर हुकूमत गाजवतो तरी कसा? लूप खरा की चित्रापुरताच?

अनुजा_क
लूप खरा आहे. पण लूप झाला म्हणून जनुक चालू झालं, हे मला मान्य नाही. एकच उदाहरण घेते, कारण इतकं नीट तपासलेलं दुसरं क्वचितच सापडेल.

सॉनिक हेजहॉग हे जनुक गर्भात हातापायांचा अंकुर फुटतो तेव्हा त्याच्या करंगळीकडच्या कडेला चालू होतं आणि बोटं किती, कोणती हे ठरवतं. तिथे त्याला चालू करणारा एन्हान्सर म्हणजे झेडआरएस. लांबी जेमतेम ८०० बेस, आणि माणसात तो जनुकापासून सुमारे दहा लाख बेस दूर, एलएमबीआर१ नावाच्या भलत्याच जनुकाच्या पाचव्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन न घडवणाऱ्या भागात, बसलेला. २००५ मध्ये उंदरातून फक्त हा तुकडा काढून टाकला, तर पिल्लांचे पाय टोकाकडून खुंटले, बोटं नीट घडलीच नाहीत. बाकी शरीर मात्र ठीक, कारण मेंदूसाठी हेच जनुक वेगळे एन्हान्सर चालवतात. अख्खं जनुक काढलं तर पिल्लू जगतच नाही. म्हणजे हुकूमत दुरूनच चालते, यात शंका नाही.

आता लूपचं बघा. अंकुराच्या करंगळीकडच्या पेशींत झेडआरएस आणि जनुक जवळ येतात, हे खरं. पण अंगठ्याकडच्या ज्या पेशींत जनुक बंद असतं, तिथेही ते बऱ्यापैकी जवळच सापडतात. जवळ असूनही जनुक गप्प. मग निर्णय जवळीक घेते की तिथे बसलेली प्रथिनं?

शार्दूल_व
प्रथिनंच घेतात, त्यात एवढं काय! ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएला चिकटून जनुक चालू-बंद करणारं प्रथिन, जितका घट्ट चिकटेल तितका एन्हान्सर जोरदार. म्हणून तर उत्क्रांतीत या तुकड्यांतल्या जागा एकदम नेमक्या अक्षरांच्या झाल्या आहेत. सापाचं उदाहरण आहेच: त्याच्या झेडआरएसमधून १७ बेस गळालेत, ईटीएस१ या अशाच प्रथिनाला चिकटायला जागाच उरली नाही, पाय गेले.

अनुजा_क
सापाचं बरोबर. उंदरात सापाचा झेडआरएस बसवला तर पाय खुंटतात, आणि त्याच तुकड्यात ते १७ बेस परत घातले की पाय पुन्हा येतात. २०१६ चं काम आहे. पण सापाचे पाय गेले ते फक्त या १७ बेसमुळे, असं त्यातून सिद्ध होत नाही. त्या तुकड्यात इतरही बदल झालेले आहेत.

‘घट्ट तितकं चांगलं’ हे मात्र इथे चक्क उलटं आहे. झेडआरएसमधल्या काही ईटीएस जागा मुद्दाम वाटाव्यात इतक्या ढिल्या आहेत. अशा जागेत एकच अक्षर बदलून पकड जरा वाढली, की अंगठ्याकडेही जनुक चालू होतं आणि जास्तीचं बोट फुटतं. पकड आणखी वाढवली तर दोष आणखी ठळक. ढिली जागा असली की योग्य ठिकाणी, म्हणजे इतर साथीदार प्रथिनं हजर असतील तिथेच काम होतं. आणि जनुक दाबणारा सायलेन्सर म्हणजे कुठेतरी वेगळा बसलेला तुकडाच असला पाहिजे, असंही नाही. याच झेडआरएसमध्ये ईटीव्ही४ आणि ईटीव्ही५ ही प्रथिनं बसतात आणि अंगठ्याकडे जनुक दाबून ठेवतात. चालू करणं आणि गप्प ठेवणं, दोन्ही एकाच ८०० बेसमध्ये.

रेवती_स
विषयाला सोडून असेल तर माफ करा, पण एलएमबीआर१ वाचून थबकले. माझ्या भाच्याला जन्मतः दोन अंगठे आहेत, त्याच्या वडिलांनाही होते. आधीच्या तपासणीत काही मिळालं नाही, दुसऱ्या रिपोर्टमध्ये ‘एलएमबीआर१ इंट्रॉन ५ मध्ये बदल’ आलं. घरात सगळे त्या जनुकाचं काम काय ते शोधत बसलेत. त्याचं प्रथिन बिघडलंय का?

अनुजा_क
रेवतीताई, अजिबात सोडून नाही. संशोधकही सुरुवातीला नेमके तिथेच अडकले होते. बोटांचे दोष असलेल्या घराण्यांतले बदल याच भागात सापडत होते, म्हणून संशय एलएमबीआर१ वर. मग जास्तीची बोटं असलेल्या एका उंदराच्या वाणात बघितलं, तर दोष तेव्हाच दिसतो जेव्हा त्याच गुणसूत्रावरचं हेजहॉग शाबूत असतं. ते निकामी केलं की बोटांचा दोषही जातो, जोडीच्या गुणसूत्रावरचं चांगलं असलं तरी. म्हणजे बदल स्वतःच्याच गुणसूत्रावरच्या दूरच्या जनुकाला चालवत होता, एलएमबीआर१ फक्त घरमालक.

तेव्हा त्या प्रथिनाची काळजी नको. मात्र पाचवा इंट्रॉन मोठा आहे, त्यातला प्रत्येक बदल झेडआरएसमध्ये पडतोच असं नाही. बदलाची नेमकी जागा झेडआरएसमध्ये येते का, आणि तो वडिलांतही आहे का, हे जनुकीय सल्लागारांना विचारा. पहिल्या तपासणीत फक्त प्रथिन घडवणारे भाग वाचले असतील, तर हा बदल सुटणारच.

प्राजक्त
अनुजा, तुमचं झेडआरएस मान्य, पण निष्कर्ष घाईचा आहे. जवळीक पुरेशी नाही एवढंच त्यातून निघतं. जवळीक गरजेची नाही, हे निघत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन जनुकाचा प्रयोग आठवा, २०१२ चा. गाटा१ हे प्रथिन नसलेल्या पेशींत जनुक जवळजवळ बंद होतं. एलडीबी१ हे प्रथिन प्रमोटरवर जबरदस्तीने बसवलं, लूप घडवला, आणि जनुक बऱ्यापैकी चालू झालं. याहून थेट पुरावा काय हवा? माशीच्या जिवंत भ्रूणातही एन्हान्सर प्रमोटरजवळ टिकून राहिला तरच आरएनए बनताना दिसतो.

अनुजा_क
आणि उंदराच्या मूळ पेशींत सॉक्स२ हे जनुक जिवंत पेशीत पाहिलं, तेव्हा एन्हान्सरचं अंतर आणि आरएनए बनणं यांचा मेळ लागला नाही. तेही २०१९ मध्ये, डोळ्यासमोर. शिवाय त्याच वर्षी हेजहॉगच्या लूपचा पाया असलेल्या, सीटीसीएफ हे प्रथिन बसण्याच्या जागा उंदरात काढल्या. अंकुरात जनुकाचा आवाज निम्म्यावर आला, तरी बोटं नेहमीसारखी.

प्राजक्त
निम्म्यावर आला, हेच तर मी म्हणतोय! आणि त्याच प्रयोगाचा पुढचा भाग तुम्ही गाळलात. झेडआरएस आधीच कमजोर असलेल्या उंदरात त्याच जागा काढल्या, तेव्हा बोटं गळाली. लूपची गादी काढल्याचा त्रास धडधाकट एन्हान्सर सोसतो, कमजोर सोसत नाही. सॉक्स२ मध्ये मेळ लागला नाही त्याचं कारण वेळेतला फरकही असू शकतो. भेट आत्ता झाली आणि आरएनए काही मिनिटांनी दिसला, तर त्याच क्षणाचं अंतर मोजून काय कळणार?

अनुजा_क
ते वाक्य गाळायला नको होतं, मान्य. पण वेळेच्या फरकाचा आधार घ्यायचा तर तो मोजून दाखवावा लागेल. शिवाय ‘जवळ’ म्हणजे किती, हेही ठरलेलं नाही. दोनशे-तीनशे नॅनोमीटरवरून प्रथिनांचा घोळका काम करत असेल, तर पुस्तकातलं टेकलेलं चित्र चूकच.

शार्दूल_व
म्हणजे मेघदूतने परीक्षेत काय लिहायचं?

प्राजक्त
लूप काढावा, पण ‘लूप झाला म्हणून जनुक चालू झालं’ असं लिहू नये. टेकणं की नुसतं जवळ असणं, यावर मी अजूनही टेकण्याच्या बाजूने आहे.

अनुजा_क
मी नाही. त्याच अंकुरात, जिवंत पेशींत, झेडआरएस आणि हेजहॉग दोन्ही एकाच वेळी बघता आले, शिवाय आरएनएही, तर बोलू.