मदत हवी आहे: तळहातावरचा विंचू की कोयरी?

नमस्कार मंडळी. जोधपूरच्या नणंदेने तीजेच्या मेंदीचा फोटो पाठवलाय, सोबत जोडते. तळहाताच्या मधोमध चार हातांचा, चौकड्या भरलेला चौपड आहे, म्हणजे आपला सारीपाट. नवराबायकोने मिळून खेळायचा खेळ म्हणून तो काढतात, असं तिच्या सासूबाई सांगतात. मनगटावरच्या नागमोडी रेघा लहरियाच्या, पावसाळ्याच्या. इथवर कळलं.

अडलंय अंगठ्याखाली. तिथे शेपूट वळलेली आकृती आहे. कोयरी म्हणावी, तर पुढे दोन नांग्या दिसतात. राजस्थानी मेंदीत विंचू प्रेमाची खूण असतो, असं ऐकलंय. पण मेंदी तिथेच जरा फिसकटलीय. मला अगदी नक्की जाणून घ्यायचंय. फोटो मोठा करून कुणी जाणकार ताई सांगाल का, हा विंचूच ना?